रॅकवरची ४४ फिक्श्चर आणि दोन इंटर्न: प्रकल्पाची इंटर्नशिप कशी आखावी

भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. चार व्हीएमसी मिलिंग मशीन, तीन सीएनसी लेथ, एक जुनं पण इमानदार टूलरूम आणि चौदा माणसं. सहा वर्षांपूर्वी ओळखीच्या प्राध्यापकांनी सांगितलं म्हणून मेकॅनिकलची दोन मुलं एक महिना ठेवली. ती रोज वेळेवर यायची, मशीनपासून हातभर अंतरावर उभी राहायची आणि साडेपाचला जायची. शेवटच्या आठवड्यात डिस्पॅचची घाई होती, तेव्हा मी त्यांना पॅकिंगला लावलं. सर्टिफिकेटवर काय लिहायचं हे मलाही कळेना, त्यांनाही विचारवेना. चूक मुलांची नव्हती. त्यांना देण्यासारखं माझ्याकडे कामच ठरलेलं नव्हतं.

पुढच्या वेळी मी उलटीकडून सुरुवात केली. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलावर नेमकं काय पडलेलं असेल, हे आधी लिहिलं. मग कालावधी, मानधन, कामांची यादी, निवड हे सगळं त्याच एका ओळीतून निघत गेलं. फिक्श्चर म्हणजे मशीनवर जॉब ठरल्या जागी घट्ट धरून ठेवणारी चौकट. आमच्या फिक्श्चरच्या प्रकल्पावरून ते कसं करायचं, ते सांगतो. तुमच्याकडे फिक्श्चर नसतील, पण अर्धवट राहिलेलं, मोजता येणारं असं एखादं काम नक्की असेल.

काम आधी निवडा, मुलं नंतर

आमच्या रॅकवर ६४ फिक्श्चर होती. नवीन जॉब आला की सेटर काका आणि टूलरूमवाला मिळून फिक्श्चर बनवायचे, पहिला पीस पास झाला की ते चालू. ड्रॉइंग करायला कुणाला सवड? मग दोन वर्षांनी जॉबची जागा पक्की करणारा लोकेटिंग पिन झिजतो, नवीन करायला घ्यावा तर मूळ माप कुणालाच आठवत नाही. मशीन थांबतं, काका डोकं खाजवतात, मी फोनवर गिऱ्हाइकाला थापा मारतो.

इंटर्नला द्यायला हे काम चांगलं का ठरलं? एक तर ते मोजता येतं. इतकी फिक्श्चर, इतकी ड्रॉइंग. दुसरं म्हणजे ते उशिरा झालं तरी आजचा डिस्पॅच अडत नाही. तिसरं, त्यात शिकण्यासारखं भरपूर आहे, पण शिकायला सहा महिने लागत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते बरोबर झालं की नाही हे तपासता येतं. ज्या कामात या चारपैकी एखादी जरी गोष्ट बसत नसेल, ते इंटर्नला देऊ नका. ‘सिस्टीम सुधारणे’, ‘मार्केटिंगला मदत’, ‘प्रॉडक्शन समजून घेणे’ ही कामं नव्हेत, या इच्छा आहेत.

उलट, ऑपरेटर सुट्टीवर गेला म्हणून त्याच्या जागी मुलाला उभं करणं ही इंटर्नशिप नाही. ती मजुरी आहे, आणि मजुरीचे कायदे वेगळे आहेत.

एक नग स्वतः करून बघा

कालावधी किती ठेवायचा, हा प्रश्न बहुतेक जण कॉलेजला विचारतात. मी तो रॅकला विचारला.

६४ पैकी ९ फिक्श्चर बंद पडलेल्या जॉबची होती, ती भंगारात काढायचीच होती. ११ ची भरवशाची ड्रॉइंग होती. उरली ४४. मग एका सुट्टीच्या दिवशी मधल्या आकाराचं एक फिक्श्चर घेतलं आणि घड्याळ लावून बसलो. खोलणं आणि साफ करणं अर्धा तास, मापं घेणं दीड तास, कॉम्प्युटरवर मॉडेल दोन तास, त्यावरून ड्रॉइंग आणि पार्टलिस्ट दीड तास, शेवटी काकांकडून तपासून घेणं अर्धा तास. एकूण सहा तास. हात बसलेल्या विद्यार्थ्याला दुरुस्त्या धरून सात तास लागतील असं धरलं. पहिल्या आठवड्यात दुप्पट लागणार, म्हणून तो आठवडा हिशोबात धरलाच नाही.

४४ गुणिले ७ म्हणजे ३०८ तास. मुलं नऊ ते साडेपाच येतात, पण जेवण, चहा, विचारपूस, हात धुणं काढलं तर दिवसाचे सहाच तास कामाचे. आठवड्याचे ३६. एक विद्यार्थी घेतला तर जवळपास नऊ आठवडे, शिवाय शिकायचा एक. एवढी सुट्टी कुणाला नसते. दोघं घेतले तर ३०८ तासांना सव्वाचार आठवडे, शिकायचा एक धरून सव्वापाच. म्हणून सहा आठवडे ठरवले. वरचे पन्नासेक तास चुका, पाऊस आणि सर्दीतापासाठी ठेवले.

या हिशोबात एक खोच होती, ती मला काकांनी दाखवली. मी म्हटलं, रॅकवरून एकेक उचलायचं आणि ड्रॉइंग करायचं. ते म्हणाले, ‘‘शेठ, रॅकवर असतील तर ना! बारा तर कायम मशीनवरच असतात.’’ चालू जॉबचं फिक्श्चर बॅच संपल्याशिवाय उतरवता येत नाही. एकदा उतरवलं की परत डायल लावून सेट करायला पाऊण तास जातो. त्यामुळे प्रॉडक्शनचं सहा आठवड्यांचं वेळापत्रक घेऊन बसलो आणि कुठलं फिक्श्चर कुठल्या दिवशी मोकळं होईल याचा तक्ता केला. सेटिंग बदलताना जे खाली येईल ते त्याच दिवशी मुलांच्या टेबलावर. तुमच्या प्रकल्पातही मुलांना लागणारी वस्तू, फाइल किंवा माणूस कधी हाताशी असेल, हे आधी पाहा. इंटर्नशिपचे निम्मे दिवस वाट बघण्यात जातात ते इथेच.

तारखा आणि कॉलेजची गरज

आता कॉलेजकडे वळायचं. इंजिनिअरिंगच्या मुलांना इंटर्नशिपचे क्रेडिट मिळतात आणि त्यासाठी ठराविक तास भरावे लागतात. यूजीसीच्या चौकटीत एका क्रेडिटला साधारण ३० तास धरतात, पण विद्यापीठ, स्वायत्त कॉलेज आणि तंत्रनिकेतन यांचे हिशोब एकसारखे नाहीत. म्हणून तिथल्या ट्रेनिंग अँड प्लेसमेंट अधिकाऱ्यांना, म्हणजे टीपीओंना, सरळ तीन प्रश्न विचारा: किती तास लागतात, परीक्षा आणि ओरल कधी संपतात, आणि आमच्याकडून कुठले कागद लागतील. आमचे सहा आठवडे म्हणजे ३६ दिवस, दिवसाचे आठ तास धरले तर २८८ तास हजेरी. त्यांच्या गरजेपेक्षा ते जास्तच भरले.

हे निदान दोन महिने आधी करा. मे महिन्यात फोन केलात तर चांगली मुलं आधीच कुठेतरी बांधली गेलेली असतात. एआयसीटीईच्या `internship.aicte-india.org` या पोर्टलवर उद्योगांना नोंदणी करून जागा टाकता येते. पण छोट्या शॉपला टीपीओ आणि विभागप्रमुखांशी थेट बोलणं जास्त उपयोगी पडतं, असा माझा अनुभव. तीनच कॉलेजांना कळवा. तीस कॉलेजांना कळवलंत तर अर्ज वाचायलाच एक इंटर्न ठेवावा लागेल.

आणखी एक बारीक गोष्ट. आमच्या पट्ट्यात एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी असते. जाहिरातीत ती लिहिली नाही तर पहिल्याच रविवारी मुलं घरी आणि आपण गेटवर.

मानधन

मानधन ठरवताना मी दोन आकडे मांडले. पुण्यातून रोज यायला-जायला आणि खायला मुलाच्या खिशातून किती जातं, हा पहिला. हे काम बाहेर करून घेतलं तर मला काय पडेल, हा दुसरा. मानधन या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असावं, पहिल्याच्या खाली कधीच नसावं. घरून पैसे घालून मुलगा कामावर येत असेल तर आपण त्याच्या आईवडिलांकडून सबसिडी घेतोय.

आम्ही महिन्याला १०,००० रुपये ठरवले. सहा आठवड्यांचे प्रत्येकी १५,०००, दर दोन आठवड्यांनी ५,००० थेट बँक खात्यात. दुपारचं जेवण आमच्याकडे, सेफ्टी शूज आमचे. दोघांचं मानधन ३०,०००, ३६ दिवसांचं जेवण माणशी ८० रुपयांनी ५,७६०, शूज २,०००, निवडीला आलेल्या सहा जणांचा प्रवासखर्च १,२००. अपघात विमा धरून चाळीस हजारांच्या आसपास. यात काकांचा रोजचा एक तास नाही. तो सगळ्यात महाग खर्च आहे आणि तो कुठल्याच व्हाउचरवर दिसत नाही. काकांना आधी विचारलं नाही, तर ते तो तास देणारही नाहीत.

सगळे पैसे शेवटी ‘काम पूर्ण झाल्यावर’ द्यायची पद्धत आहे, ती वाईट. मुलाला महिनाभर बसचे पैसे मागावे लागतात, आणि शेवटी ‘पूर्ण’ म्हणजे काय यावर वाद होतो. ड्रॉइंगमागे पैसे देण्याचाही मोह झाला होता. तो टाळला, कारण मग संख्या वाढते आणि मापं चुकतात.

कागदोपत्री काय

इंटर्नशिप आणि ॲप्रेंटिसशिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्यांदा डोक्यात पक्कं करा. ॲप्रेंटिसशिप १९६१ च्या कायद्याखाली चालते, तिचा करार सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवावा लागतो आणि विद्यावेतनाची किमान रक्कम नियमाने ठरते. तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला ॲप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, चार ते एकोणतीस माणसं असतील तर ऐच्छिक. राज्य सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना तिसरीच, ती शिक्षण संपलेल्यांसाठी आहे. शिकत असलेल्या मुलाला सुट्टीत प्रकल्प द्यायचा, तर यांपैकी काहीच लागत नाही. लागतं ते कॉलेजचं पत्र, तुमचं सहा-सात ओळींचं नेमणूकपत्र आणि विमा.

विम्याचं टाळू नका. बऱ्याच कॉलेजांचा विद्यार्थी अपघात विमा असतो, पण तो कारखान्यात लागू आहे का ते लेखी विचारा. आम्ही सहा आठवड्यांसाठी वेगळा काढला. तुमच्या लेबर कन्सल्टंटला नेमणूकपत्र एकदा दाखवून घ्या, पंधरा मिनिटांचं काम आहे.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत बरेच जण नकळत फसतात. मुलांच्या लॅपटॉपवर कॅडचं स्टुडंट लायसन्स असतं आणि ते धंद्याच्या कामाला चालत नाही. एक तर आपलं लायसन्स द्या, नाहीतर FreeCAD सारखं मोफत सॉफ्टवेअर ठरवून टाका. जाहिरातीतच लिहा, म्हणजे मुलं तयारी करून येतात.

जाहिरात

जाहिरात एका पानात बसली पाहिजे. आमची अशी होती:

> प्रकल्प इंटर्नशिप: मशीनिंग फिक्श्चरची ड्रॉइंग तयार करणे
> कोणासाठी: मेकॅनिकल, तिसरे वर्ष पूर्ण केलेले विद्यार्थी. जागा २.
> शेवटी काय हवे: ४४ फिक्श्चरची तपासलेली ड्रॉइंग, पार्टलिस्ट, प्रत्येक फिक्श्चरवर क्रमांक आणि एक रजिस्टर.
> रोजचे काम: फिक्श्चर खोलणे, साफ करणे, मोजणे, FreeCAD मध्ये मॉडेल व ड्रॉइंग करणे, सेटरकडून तपासून घेणे. हात काळे होतील.
> कामात नाही: मशीन चालवणे, पॅकिंग, डिस्पॅच, ऑफिसची कामे.
> कालावधी: ६ आठवडे, सकाळी ९ ते ५.३०. गुरुवारी सुट्टी.
> मानधन: दरमहा १०,००० रुपये, दर दोन आठवड्यांनी बँकेत. दुपारचे जेवण व सेफ्टी शूज कंपनीकडून.
> मार्गदर्शक: मापांसाठी सेटर, रोज एक तास. आढावा दर बुधवारी मालकांसोबत.
> निवड: अर्ज, दहा मिनिटे फोन, शॉपमध्ये दोन तासांचे प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकासाठी प्रवासखर्च २०० रुपये. निकाल तीन दिवसांत, सर्वांना.
> अर्जासोबत: स्वतः केलेले एक ड्रॉइंग आणि ते करताना कुठे अडलात याच्या पाच ओळी.
> नोकरी: या इंटर्नशिपनंतर नोकरीचे आश्वासन नाही.

‘कामात नाही’ ही ओळ मी मुलांसाठी लिहिली नव्हती, स्वतःसाठी लिहिली होती. आणि ‘हात काळे होतील’ वाचून निम्मे अर्ज कमी झाले, ते बरंच झालं. ‘कुठे अडलात’ या पाच ओळींनी तर मार्कशीटपेक्षा जास्त सांगितलं. ज्याने खरंच ड्रॉइंग केलंय तो नेमकं सांगतो, की अमुक त्रिज्या मोजता येईना म्हणून तमुक केलं. ज्याने मित्राचं चिकटवलंय तो लिहितो, ‘खूप काही शिकायला मिळाले.’

निवड: एक झिजलेला पिन

एकवीस अर्ज आले. त्यातून अकरा जणांना फोन केला, सहा जणांना बोलावलं. फोनवर विचारायचं फारसं काही नसतं. तारखा जमतात का, येणार कुठून, आणि अर्जातल्या ड्रॉइंगबद्दल एक प्रश्न. गुणांची टक्केवारी मी विचारली नाही. विचारली असती तर तिचा उपयोग काय करायचा, हेच माहीत नव्हतं.

खरी निवड झाली ती दोन तासांच्या प्रात्यक्षिकात. सगळ्यांना तेच दिलं: भंगारात काढलेल्या फिक्श्चरमधला एक लोकेटिंग पिन, त्यावर बसणाऱ्या जॉबचं ड्रॉइंग, एक व्हर्नियर आणि एक मायक्रोमीटर. सांगितलं, हा पिन नवीन करायचाय, टूलरूमला देता येईल असं ड्रॉइंग हाताने काढा. भंगारातलंच फिक्श्चर मुद्दाम घेतलं. चालू कामातलं दिलं असतं तर सहा जणांकडून फुकट ड्रॉइंग करून घेतल्यासारखं झालं असतं, आणि मुलांना ते लगेच कळतं.

त्यात मेख अशी होती. पिन मायक्रोमीटरने मोजला तर १५.९३ मिलिमीटर भरायचा. जॉबच्या ड्रॉइंगवर भोक होतं १६ H7, म्हणजे १६.००० ते १६.०१८. अशा भोकात सहज बसणारा, पण न हलणारा पिन साधारण १६ g6 चा करतात, म्हणजे १५.९८३ ते १५.९९४. म्हणजे हातातला पिन पाच शतांशाहून जास्त झिजलेला होता. तो मोजून तसाच ड्रॉइंगवर उतरवला तर आपण झीजच नकलून ठेवतो, आणि पुढचा प्रत्येक पिन जन्मतःच झिजलेला निघतो.

सहापैकी तिघांनी १५.९३ लिहिलं. एकाने व्हर्नियरवर १५.९४ वाचून तेच ठेवलं. उरल्या दोघांपैकी एका मुलीने पिनच्या खालचा, फिक्श्चरमध्ये दाबलेला भाग मोजला आणि विचारलं, ‘‘काका, वरचा भाग झिजलाय का? खालचा वेगळा भरतोय.’’ तिला g6 माहीत नव्हतं. ते सांगायला पाच मिनिटं लागतात. पण दोन मापं वेगळी का, असं विचारणं शिकवता येत नाही. दुसऱ्या मुलाने थेट जॉबच्या भोकावरून माप काढलं. हे दोघं निवडले.

गुण देताना मी मोजण्याला ४०, विचारलेल्या प्रश्नांना ३० आणि ड्रॉइंगच्या नीटपणाला ३० ठेवले होते. शेवटी मात्र काकांना विचारलं, तुम्ही कुणाबरोबर सहा आठवडे काढाल? त्यांनी तीच दोन नावं घेतली. त्यांनी वेगळी घेतली असती तर मी त्यांचं ऐकलं असतं. ज्याचा रोजचा तास जाणार, त्याचा शब्द वरचा.

न निवडलेल्या चौघांना तिसऱ्या दिवशी फोन करून १५.९३ चा घोळ समजावून सांगितला. त्यातला एक पुढच्या वर्षी परत आला.

सहा आठवडे

पहिले दोन दिवस फक्त शॉप दाखवण्यात आणि सुरक्षेत गेले. चालू मशीनचं दार उघडायचं नाही, चिप्स हाताने काढायच्या नाहीत, सैल बाही आणि ओढणी नको, आणि पंधरा किलोच्या वरचं फिक्श्चर एकट्याने उचलायचं नाही. आमची काही फिक्श्चर चाळीस किलोची आहेत, ती चेनब्लॉकनेच. या नियमांच्या कागदावर दोघांची सही घेतली. मुलगी येणार म्हणून वॉशरूमची कडीही दुरुस्त केली. ती दोन वर्षं मोडलेली होती आणि मला त्याची लाज वाटायला हवी होती.

त्याच आठवड्यात दोघांनी मिळून दोनच फिक्श्चर केली, काका शेजारी. इथे नावांची पद्धत ठरवून टाकली. क्रमांक फिक्श्चरवर पंच करायचा आणि फाइललाही तोच:

```
FX-017_R0.FCStd
FX-017_R0.pdf
```

बदल झाला की R0 चा R1. ‘नवीन’, ‘फायनल’, ‘फायनल २’ अशी नावं पहिल्याच दिवशी बंद केली.

दुसऱ्या आठवड्यापासून आठवड्याला नऊ फिक्श्चर व्हायला हवी होती. दर बुधवारी, सुट्टीच्या आदल्या दिवशी, अर्धा तास बसून फक्त मोजायचो: किती झाली, किती तपासली, कुठली अडली. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी झालेली होती अकरा, तपासलेली पाच. इथे मी चूक पकडली. मुलं भरभर काढत होती आणि काकांकडे गठ्ठा साठत होता. मग नियम केला की दोघांची मिळून तीनपेक्षा जास्त ड्रॉइंग तपासायची राहिली, तर नवीन फिक्श्चर खोलायचं नाही.

तपासणं म्हणजे ड्रॉइंग छान दिसतंय का हे बघणं नव्हे. काका ड्रॉइंगवरची तीन लोकेटिंग मापं निवडायचे आणि फिक्श्चर सरफेस प्लेटवर ठेवून हाइट गेजने मोजायचे. दुसरी तपासणी दोघांनी अदलाबदल करून केली, एकाची पार्टलिस्ट घेऊन दुसऱ्याने फिक्श्चर परत जोडायचं. बोल्ट किंवा स्प्रिंग उरली तर यादी चुकली. तिसरी परीक्षा खरी. पाच ड्रॉइंगवरून टूलरूमने नवीन पिन केले आणि जॉब बसतो का पाहिलं. चार बसले. पाचव्यात पिनचा व्यास बरोबर होता, पण उंची दोन मिलिमीटर जास्त, त्यामुळे जॉब खाली टेकेना. चूक कुठे झाली ते शोधलं तर काकांनी वर्षापूर्वी त्या फिक्श्चरखाली टाकलेली एक पट्टी मुलाने मापात धरली होती. पट्टी का टाकली होती, ते काकांना त्या दिवशी आठवलं. त्याची नोंदही ड्रॉइंगवर गेली.

काम बिघडतंय हे आधी कसं कळतं? तीन दिवस कुणी एकही प्रश्न विचारला नाही, तर समजायचं की कुठेतरी अंदाजाने चाललंय. ड्रॉइंगवर ४७.९३, ११२.०७ अशी मापं दिसू लागली तर ती मोजलेली आहेत, विचार केलेली नाहीत. कुणीही फिक्श्चर ४७.९३ चं बनवत नाही, ४८ चं बनवतं. आणि मुलं सकाळी आल्यावर ‘सर, आज काय करू?’ असं विचारू लागली, तर दोष आपला. तक्त्यातलं फिक्श्चर वेळेवर उतरलेलं नसतं.

तिसऱ्या आठवड्यात महिनाअखेर आली आणि सुपरवायझरने दोघांना पॅकिंगला बोलावलं. मुलं निघालीही होती. मी जाहिरातीचा कागद भिंतीवर लावला होता, त्याकडे बोट दाखवलं. सुपरवायझर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

चौथ्या आठवड्याच्या बुधवारी हिशोब केला तेव्हा कळलं की ४४ होणार नाहीत. तीन फिक्श्चरच्या बॅच लांबल्या होत्या आणि ती उतरणारच नव्हती. अशा वेळी मुदत वाढवायची नाही. मुलांचं कॉलेज सुरू होतं, मन उडालेलं असतं. काम कमी करायचं. आकडा ४१ केला आणि तसं लिहून दोघांना दिलं.

गिऱ्हाइकाची ड्रॉइंग आणि कॉलेजचा रिपोर्ट

मुलांना कॉलेजात रिपोर्ट द्यावा लागतो आणि त्यात चित्रं हवी असतात. इकडे जॉबची ड्रॉइंग गिऱ्हाइकाची, ती बाहेर जाऊ शकत नाहीत. हे भांडण शेवटच्या दिवशी होतं, म्हणून पहिल्या दिवशीच मिटवा. आम्ही नेमणूकपत्रात लिहिलं होतं: शॉपमध्ये मोबाइलने फोटो काढायचे नाहीत, गिऱ्हाइकाचं नाव आणि पार्ट नंबर रिपोर्टमध्ये येणार नाही, पण फिक्श्चर आमची आहेत, त्यातल्या कुठल्याही दोनांची ड्रॉइंग मापं झाकून वापरता येतील. रिपोर्ट जमा करण्याआधी मला दाखवायचा आणि मी तो दोन दिवसांत परत द्यायचा. ही दोन दिवसांची अट मुलीने घालून घेतली, आणि ती रास्त होती.

शेवटचा दिवस

शेवटचे दोन दिवस नवीन काही करायचं नाही. रजिस्टर पुरं करायचं, फाइली एका जागी, छापील ड्रॉइंगचा एक संच टूलरूममध्ये. मग मुलांनी बाजूला बसायचं आणि काकांनी रजिस्टरवरून कुठलंही फिक्श्चर, त्याची फाइल आणि छापील कागद स्वतः शोधून काढायचा. काकांना कॉम्प्युटरवर फाइल सापडायला चार मिनिटं लागली, कारण फोल्डर इंग्रजी अक्षरक्रमाने लावले होते आणि काका जॉबच्या बोलीतल्या नावाने शोधत होते. ‘मोठा घोडा’ हे नाव रजिस्टरमध्ये कुठेच नव्हतं. मग एक रकाना वाढवला: शॉपमध्ये काय म्हणतात.

सर्टिफिकेट लिहायला या वेळी दहा मिनिटं लागली. ‘यांनी १५ मशीनिंग फिक्श्चर खोलून, मोजून त्यांची ड्रॉइंग व पार्टलिस्ट तयार केल्या आणि दुसऱ्या इंटर्नच्या ६ पार्टलिस्ट जोडणी करून तपासल्या’ असं प्रत्येकाच्या खऱ्या आकड्यांसह लिहिलं. त्या मुलीची २६ होती, मुलाची १५. मुलगा थोडा हिरमुसला. पण पाचही पिनांची टूलरूमची चाचणी त्याने एकट्याने उभी केली होती, ती ओळ त्याच्या सर्टिफिकेटवर आहे, तिच्या नाही.

राहिलेली तीन फिक्श्चर ऑगस्टमध्ये मशीनवरून उतरली. दोनांची ड्रॉइंग काकांनी हाताने काढली, मुलांनी केलेल्या नमुन्यावर, आणि कोपऱ्यात FX क्रमांकही टाकला. तिसरं अजून तसंच आहे.